'फक्त', 'सर्व', 'कधीही' आणि शेपटीला लागलेला 'च'

राज्यसभेविषयी दोन विधाने आहेत. पहिले : राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही. दुसरे : राज्यसभेचे सर्व सदस्य अप्रत्यक्ष निवडणुकीने निवडून येतात. खाली नेहमीचे चार पर्याय : फक्त पहिले बरोबर, फक्त दुसरे बरोबर, दोन्ही बरोबर, एकही नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींमध्ये एक युक्ती तोंडोतोंडी फिरत असते. विधानात 'एक्स्ट्रीम' शब्द दिसला, म्हणजे नेहमी, कधीही नाही, सर्व, फक्त, केवळ, पूर्णपणे असे काही आले, की ते विधान चूक समजायचे आणि पुढे जायचे. वरच्या प्रश्नाला ही युक्ती लावली तर 'कधीही' असल्यामुळे पहिले विधान चूक, 'सर्व' असल्यामुळे दुसरे चूक आणि उत्तर 'एकही नाही'. प्रत्यक्षात उत्तर आहे 'फक्त पहिले'. संविधानाच्या ८३व्या कलमानुसार राज्यसभा विसर्जित होत नाही; दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि सभागृह चालू राहते. दुसरे विधान मात्र खरोखरच चूक आहे, कारण १२ सदस्य राष्ट्रपती नामनिर्देशित करतात आणि त्यांची निवडणूक होत नाही.

एकाच प्रश्नात युक्ती एकदा लागू पडली आणि एकदा फसली. तरीही ती अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्यासारखी नाही, तिच्यामागे कारण आहे. ते कारण कळले की युक्ती कुठे चालते आणि कुठे दगा देते हेही कळते.

कारण साध्या तर्काचे आहे. 'काही धातू द्रवरूप असतात' हे वाक्य खरे ठरायला एक उदाहरण पुरते. 'सर्व धातू सामान्य तापमानाला स्थायू असतात' हे वाक्य खरे ठरायला मात्र एकूण एक धातू स्थायू असावा लागतो आणि ते पाडायला एकटा पारा पुरतो. 'सर्व मूळ संख्या विषम असतात' या वाक्यासमोर अनंत मूळ संख्या उभ्या आहेत, पण सगळ्यांत पहिली मूळ संख्या, २, हीच सम आहे. म्हणजे 'सर्व' म्हणणारे विधान स्वतःवर फार मोठी जबाबदारी घेते, तर 'काही' म्हणणारे विधान जवळजवळ काहीच घेत नाही. निसर्गात अपवाद भरपूर असल्यामुळे मोठी जबाबदारी घेणारी विधाने तिथे सहज कोसळतात. 'पाणी नेहमी १०० अंश सेल्सिअसला उकळते' हे विधान समुद्रकाठी मुंबईत ठीक आहे. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळू लागते.

दुसरे कारण प्रश्न काढणाऱ्याच्या टेबलावर सापडते, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहे. खरे विधान तयार करणे सोपे असते, पुस्तकातले वाक्य उचलले की झाले. खोटे विधान तयार करणे कठीण, कारण ते खोटे तर असायला हवे, पण वाचताना खरे वाटायला हवे. 'धमन्या रक्त हृदयाकडे आणतात' असे लिहिले तर ज्याने धडा एकदा वाचला आहे तोही हसेल. मग प्रश्नकर्ता पुस्तकातले खरे वाक्य घेतो : 'फुप्फुस धमनी वगळता शरीरातील धमन्यांमधून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते.' त्यातला अपवाद कापतो, पुढे 'सर्व' जोडतो, आणि विधान होते : 'सर्व धमन्यांमधून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते.' मिनिटाभरात खोटे विधान तयार, तेही असे की अर्धवट अभ्यास केलेला विद्यार्थी त्यात अडकावा.

उलट बाजूलाही हेच घडते. खरे विधान लिहिताना प्रश्नकर्त्याला भीती असते की कुणीतरी कोपऱ्यातला अपवाद शोधून हरकत घेईल. म्हणून तो 'सामान्यतः', 'बहुधा', 'बहुतेक वेळा', 'असू शकते' असे शब्द पेरतो. त्यामुळे टोकाचे शब्द खोट्या विधानांत आणि मवाळ शब्द खऱ्या विधानांत जास्त जमा होतात. विद्यार्थ्याला विषय कळो न कळो, ही खूण दिसते. परीक्षाशास्त्रात या शब्दांना 'स्पेसिफिक डिटर्मिनर' म्हणतात. जेसन मिलमन, कॅरल बिशप आणि रॉबर्ट एबेल यांनी १९६५ मध्ये 'परीक्षाचातुर्य' म्हणजे नेमके काय याची फोड करणारा एक निबंध लिहिला. ज्या खुणांचा फायदा विद्यार्थी विषय न येताही उठवू शकतो, त्यांत त्यांनी या शब्दांचाही समावेश केला होता. पुढे २००२ मध्ये हॅलाडिना, डाउनिंग आणि रॉड्रिग्झ यांनी बहुपर्यायी प्रश्न कसे लिहावेत याचे ३१ नियम एकत्र केले. असे शब्द टाळा, हे त्यांतही आहे. म्हणजे शिकवणीच्या वर्गात जी गोष्ट गुपित म्हणून सांगितली जाते ती प्रश्न काढणाऱ्यांना निदान साठ वर्षे ठाऊक आहे. जो प्रश्नकर्ता आपले काम जाणतो तो हे शब्द एक तर टाळतो, किंवा मुद्दाम खऱ्या विधानांतही घालतो. राज्यसभेच्या प्रश्नात तेच झाले.

टोकाचा शब्द असूनही विधान खरे असण्याच्या जागा पुष्कळ आहेत, आणि त्या ओळखता येतात.

पहिली जागा व्याख्येची. 'सर्व सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात' हे चूक आहे, कारण ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस आणि काटेरी एकिडना अंडी घालतात. 'सर्व सस्तन प्राणी पिल्लांना दूध पाजतात' हे बरोबर आहे, कारण दूध पाजणे हीच त्या गटाची ओळख आहे. प्लॅटिपसही पाजतो, फक्त त्याच्या मादीला स्तनाग्रे नसतात आणि दूध कातडीवर पाझरते. दोन्ही वाक्यांत 'सर्व' आहे, दोन्हींचा बांधा सारखा आहे, तरी एक चूक आणि एक बरोबर. 'सर्व पक्षी उडतात' आणि 'सर्व पक्ष्यांना पिसे असतात' ही अशीच दुसरी जोडी. गणितात तर हे आणखी स्पष्ट होते. प्रत्येक चौरस आयत असतो, आणि जगाच्या पाठीवर कुठेही अपवाद सापडणार नाही, कारण आयताची व्याख्याच चौरसाला पोटात घेते.

दुसरी जागा माणसाने केलेल्या नियमाची. निसर्ग अपवाद करतो, पण कायदा लिहिणारा माणूस बहुतेक वेळा अपवाद ठेवायचा की नाही हे आधीच ठरवून लिहितो. म्हणून राज्यव्यवस्था या विषयात 'फक्त' आणि 'सर्व' हे शब्द पाहून घाबरू नये. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्य विधानसभांचे फक्त निवडून आलेले सदस्य मतदान करतात. नामनिर्देशित सदस्यांना आणि विधानपरिषदेच्या आमदारांना तिथे मत नाही. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य मतदान करतात, त्यात नामनिर्देशितही आले. एका वाक्यात 'फक्त', दुसऱ्यात 'सर्व', आणि दोन्ही खरी. प्रश्नकर्त्याला ही जोडी आवडते, कारण दोन शब्दांची अदलाबदल केली की दोन खोटी विधाने तयार होतात. तिथे टोकाचा शब्द दिसला एवढ्याने काहीच कळत नाही, कारण खऱ्या आणि खोट्या चारही विधानांत तो आहेच.

युक्ती सगळ्यांत जास्त कुठे चालते? कारणे सांगणाऱ्या विधानांत. 'केवळ काडतुसांच्या प्रकरणामुळेच १८५७चा उठाव झाला.' 'कोकणात पाऊस फक्त सह्याद्रीमुळेच पडतो.' अशी विधाने जवळजवळ डोळे मिटून चूक धरली तरी चालते, कारण इतिहासात, भूगोलात, समाजात एखादी घटना एकाच कारणाने घडणे दुर्मीळ असते. काडतुसे ठिणगी ठरली, पण खालसा केलेली संस्थाने, जमीन महसूल, सैन्यातली नाराजी हे सगळे आधीपासून साचलेले होते. सह्याद्री पाऊस वाढवतो हे खरे, पण अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे मोसमी वारे नसतील तर डोंगर एकटा काय करणार? त्यामुळे 'मुळेच' हा प्रत्यय 'केवळ'च्या जोडीने दिसला की लाल दिवा लागला असे समजायला हरकत नाही.

मराठीत ही गोष्ट इंग्रजीपेक्षा थोडी निसरडी आहे, कारण आपल्याकडे टोक दाखवायला वेगळा शब्द लागतोच असे नाही. एक अक्षर पुरते, 'च', आणि ते ज्या शब्दाला चिकटते त्याच्यापुरती दारे बंद करते. 'धनविधेयक लोकसभेतच मांडता येते' हे बरोबर आहे. १०९व्या कलमाप्रमाणे ते राज्यसभेत मांडता येत नाही. आता 'च' एक शब्द मागे सरकवा : 'धनविधेयकच लोकसभेत मांडता येते.' याचा अर्थ झाला की लोकसभेत दुसरे कोणतेही विधेयक मांडता येत नाही, आणि हे साफ चूक आहे. आणखी एक : 'धनविधेयक मंत्रीच मांडू शकतो.' हे पुन्हा बरोबर, कारण राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय ते मांडता येत नाही आणि म्हणून ते सरकारी विधेयकच असते. खासगी सदस्याला ते आणता येत नाही. शब्द तेच, वाक्य जवळजवळ तेच, पण 'च' कुठे आहे त्यावर खरेखोटे ठरते. घाईत वाचताना डोळा नेमका याच अक्षरावरून घसरतो. पेन्सिलने अधोरेखित करायचे असेल तर 'फक्त' आणि 'सर्व' याआधी हे अक्षर करावे असे मी म्हणेन.

'कधीही' आणि 'कोणताही' यांच्या बाबतीत क्रियापदापर्यंत थांबावे लागते. 'राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही' यातला 'कधीही' टोकाचा आहे. 'लोकसभा मुदतीपूर्वी कधीही विसर्जित करता येते' यातला 'कधीही' म्हणजे केव्हाही. तो दार बंद करत नाही, उघडतो. वाक्याच्या शेवटी 'नाही' येते की नाही हे पाहिल्याशिवाय शब्दाचा रोख ठरत नाही, आणि मराठीत ते 'नाही' शेवटीच बसलेले असते.

काही विधानांत टोकाचा शब्द दिसतही नाही, तरी टोक असते. 'एकमेव', 'सर्वप्रथम', 'सर्वांत मोठा' हे उघड भाऊबंद आहेत. 'असू शकत नाही' हा मात्र छुपा. 'असू शकते' हे इतके मवाळ आहे की एकदा जरी तसे घडले असेल तरी विधान खरे ठरते. त्याला 'नाही' जोडले की ते 'कधीही नाही' इतके कडक होते. 'लोकसभेचा कार्यकाळ पाच वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही' हे वाचताना कुठेही लाल दिवा लागत नाही. तरी ते चूक आहे. आणीबाणी लागू असताना संसद कायद्याने तो एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवू शकते, आणि तसे झालेलेही आहे : १९७१ मध्ये निवडून आलेली पाचवी लोकसभा १९७७ च्या जानेवारीत विसर्जित झाली.

आता एक प्रश्न सावकाश सोडवून पाहू. तीन विधाने आहेत.

(अ) सर्व मूलभूत हक्क फक्त भारतीय नागरिकांनाच उपलब्ध आहेत.
(ब) कलम १९ मधील स्वातंत्र्ये फक्त भारतीय नागरिकांनाच उपलब्ध आहेत.
(क) राष्ट्रीय आणीबाणीतही कलम २१ च्या हक्काची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही.

पर्याय : केवळ एक विधान बरोबर, केवळ दोन, तिन्ही, एकही नाही.

तिन्ही विधाने टोकाची आहेत. तिसऱ्यात तर ते 'येत नाही'मध्ये लपले आहे. युक्तीप्रमाणे उत्तर 'एकही नाही'. पण शब्द दिसल्यावर विधान बाद न करता स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : याला पाडणारे उदाहरण कोणते? आणि ते उदाहरण नावानिशी सांगता आले पाहिजे. 'असेल काहीतरी' हे उदाहरण होत नाही.

(अ)साठी शोध घेतला की उत्तर लगेच मिळते. कलम १४ मधली कायद्यापुढील समानता आणि कलम २१ मधले जीविताचे संरक्षण हे हक्क संविधानाने 'व्यक्ती'ला दिले आहेत, 'नागरिका'ला नव्हे. भारतात आलेल्या परदेशी पर्यटकालाही ते लागू होतात. नाव मिळाले, विधान पडले. या विधानात 'सर्व' आणि 'फक्त' दोन्ही आहेत, शिवाय 'च'. अशी दुहेरी कुलपे लावलेली विधाने बहुधा कच्ची असतात, कारण त्यांना पाडायला दोन दिशा मिळतात.

(ब)मध्ये 'सर्व' नाही, एकाच कलमाविषयी बोलणे आहे. व्याप्ती इतकी कमी झाली की अपवादाला जागाही कमी उरते. कलम १९ उघडले तर पहिल्याच वाक्यात भाषण, सभा, संचार वगैरे स्वातंत्र्यांचा धनी 'नागरिक' आहे असे दिसते. अपवाद सापडत नाही. विधान बरोबर.

(क) सगळ्यांत रंजक. १९७६ साली उत्तर विचारले असते तर वेगळे मिळाले असते. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला होता, आणि जबलपूरच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो आदेश मान्य केला. त्यानंतर १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीच्या स्थगितीतून बाहेर काढली. म्हणजे आज नियमच असा लिहिला आहे की त्याला अपवाद ठेवलेला नाही, आणि विधान बरोबर. पण त्याच विधानाच्या सुरुवातीला 'भारताच्या इतिहासात' असे शब्द आले असते आणि शेवटी 'स्थगित झालेली नाही' असे असते, तर ते चूक ठरले असते. टोकाच्या शब्दाबरोबर काळ कोणता धरला आहे हे पाहण्याची सवय म्हणून उपयोगी पडते.

उत्तर आले 'केवळ दोन'. तीन टोकाच्या विधानांपैकी एक खोटे आणि दोन खरी.

पर्यायांची ही रचना, म्हणजे 'केवळ एक, केवळ दोन, तिन्ही', केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत गेल्या काही वर्षांत पुष्कळ दिसू लागली आहे आणि तिने जुन्या युक्तीचे बरेच नुकसान केले. पूर्वी पर्यायांत '१ आणि २', '२ आणि ३' अशा जोड्या असत. एक विधान चूक आहे हे नक्की कळले की त्याचा समावेश असलेले दोन-तीन पर्याय एकदम गळत आणि उरलेल्यांतून उत्तर मिळे. आता एक विधान चूक ठरवून 'तिन्ही' एवढाच पर्याय गळतो. बाकी दोन्ही विधानांचा निकाल लावल्याशिवाय सुटका नाही, म्हणजे अंदाजाला जागा उरत नाही.

अंदाजाचा हिशेबही करून पाहावा. समजा प्रश्न दोन गुणांचा आहे आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण कापला जातो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत हेच प्रमाण आहे. राज्यसभेच्या त्या प्रश्नात एखाद्या विद्यार्थिनीला १२ नामनिर्देशित सदस्य पक्के आठवतात, म्हणजे दुसरे विधान चूक हे तिला माहीत आहे, पण विसर्जनाचे आठवत नाही. तिच्यासमोर दोन पर्याय उरले : 'फक्त पहिले' आणि 'एकही नाही'. तिने नाणे उडवून उत्तर दिले असते तर अर्ध्या वेळा दोन गुण आणि अर्ध्या वेळा उणे अर्धा, म्हणजे सरासरी पाऊण गुण पदरात पडला असता. तिने 'कधीही' पाहून युक्ती लावली, तर नेमका बरोबर पर्याय तिने स्वतःच्या हाताने काढून टाकला आणि उणे अर्धा पक्का झाला. अर्धवट माहितीपेक्षा अर्धवट युक्ती अशी महाग पडते.

मग युक्ती कधी वापरायची? माझे मत असे की अपवाद नावानिशी आठवला तर ती युक्ती राहतच नाही, ते ज्ञान झाले, आणि उत्तर द्यावे. अपवाद आठवत नसेल पण विधान निसर्गाविषयी किंवा कारणांविषयी असेल, तर चूक धरण्यात शहाणपण आहे. अपवाद आठवत नसेल आणि विधान कायद्याविषयी किंवा व्याख्येविषयी असेल, तर शब्दावरून काहीच ठरवू नये.

प्रश्नकर्त्यांची एक सवय मात्र खटकते, आणि ती खास मराठीत त्रास देते. 'सर्व राज्यांमध्ये विधानपरिषद नाही.' हे विधान बरोबर की चूक? एका वाचनात अर्थ असा की एकाही राज्यात नाही. तसे असेल तर चूक, कारण महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, उत्तर प्रदेश आणि बिहार अशा सहा राज्यांत ती आहे. दुसऱ्या वाचनात अर्थ असा की सगळ्यांत नाही, काहींत आहे. तसे असेल तर बरोबर. बोलताना 'सर्व'वर जोर दिला की ऐकणाऱ्याला कळते, पण छापील कागदाला आवाज नसतो. गंमत म्हणजे इथे तोच 'च' मदतीला येतो आणि उलटे काम करतो : 'सर्वच राज्यांमध्ये विधानपरिषद नाही' म्हटले की कान काहींत आहे असे ऐकतो. घरी 'सगळेच येणार नाहीत' म्हटल्यावर निदान दोघातिघांचा स्वयंपाक होतोच. एरवी दार बंद करणारे अक्षर नकारार्थी वाक्यात 'सर्व'ला चिकटले की दार किलकिले करते.

ज्याला नेमके लिहायचे आहे त्याने 'एकाही राज्यात नाही' किंवा 'सर्व राज्यांत आहे असे नाही' असे लिहावे; दोन्ही वाक्यांत शंकेला जागा नाही. प्रश्नपत्रिका दोन भाषांत छापलेली असेल तर अशा विधानाच्या वेळी दुसऱ्या भाषेतली ओळही वाचावी, अर्थ बहुधा तिथे मोकळा होतो. आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो, काही प्रश्न रद्दही होतात. अशा 'सर्व… नाही' वाक्यावर हरकत घेताना आपले वाचन कसे शक्य आहे हे एका ओळीत आणि दुसरे वाचन कोणत्या शब्दांनी टाळता आले असते हे दुसऱ्या ओळीत लिहिले, तर हरकतीला वजन येते.

शाळेतल्या परीक्षेत हा सगळा खेळ थोडा बदलतो. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पेपरात 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' असा प्रश्न असतो. तिथे नुसते 'चूक' लिहून भागत नाही, कारण लिहावे लागते, आणि टोकाच्या विधानाचे कारण म्हणजे तो अपवादच. विज्ञानाच्या तोंडी परीक्षेतही चांगला शिक्षक 'चूक' ऐकून थांबत नाही, 'कोणता धातू?' असे विचारतोच. मूल म्हणते 'पारा'.

पण शिक्षकाने पुढे 'पारा हा एकमेव द्रवरूप धातू आहे' असे म्हटले, तर तिथेही एक टोकाचा शब्द आहे. सामान्य तापमान म्हणजे २५ अंश सेल्सिअस धरले तर नेहमी हाताशी येणाऱ्या धातूंपुरते ते खरे. गॅलियम हा धातू मात्र २९.८ अंशांना वितळतो. तळहातावर धरला तरी त्याचे पाणी होऊ लागते. सीझियम तर २८.५ अंशांनाच वितळते. मे महिन्यात नागपूरच्या वर्गात पारा ४४ अंशांवर गेलेला असताना एखाद्या मुलीने हात वर करून 'सर, आज पारा एकटा नाही' असे म्हटले, तर तिला चूक म्हणता येणार नाही.